मथळा वाचला, पण विकताय काय?

मोबाइलवरच्या जाहिरातीला बोट लावलं की जे पान उघडतं, ते लँडिंग पेज. समजा, त्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘सोसायटीचा कारभार आता अधिक स्मार्ट!’ हे सीसीटीव्ही आहेत, वॉचमनसाठी ॲप आहे, की आणखी काही? प्रत्यक्षात हे सॉफ्टवेअर मेंटेनन्सची बिलं काढतं आणि जमा झालेल्या पैशांचा बँकेच्या स्टेटमेंटशी मेळ घालतं. मथळ्यात यातलं काहीच नाही.

असा मथळा कुठे फसलाय हे तपासायला जेकब नील्सन यांनी 2001 मध्ये दोन सोप्या कसोट्या सुचवल्या होत्या. पहिली अशी, की आपली आणि स्पर्धकांची घोषवाक्यं नावं झाकून शेजारी ठेवायची आणि कोणतं कोणाचं ते ओळखायचं. दुसरी, उलट दावा कोणी करेल का ते विचारायचं. ‘आमचं सॉफ्टवेअर कारभार अधिक ढिसाळ करतं’ असं कोणीच लिहिणार नाही. म्हणजे ‘स्मार्ट’ या शब्दातून काहीच कळत नाही. यानंतर उत्पादनाशी संबंध नसलेल्या चारपाच जणांना पान पाच सेकंद दाखवावं, बंद करावं आणि विचारावं, ‘इथे काय मिळतं?’ ‘छान वाटलं’ हे उत्तर धरायचं नाही. वस्तूचं नाव आलं का, तेवढंच बघायचं.

मथळा असा पोकळ का होतो? लिहिणारा रोज त्याच उत्पादनात बुडालेला असतो, त्यामुळे ‘कारभार’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे बिलंच येतात. वाचणाऱ्याच्या येत नाहीत. पण माझ्या मते मोठं कारण मीटिंगमध्ये असतं. पुढच्या वर्षी पार्किंगचीही सोय द्यायची आहे, मग ती सुटायला नको, म्हणून सगळ्यांना सामावणारा शब्द निवडला जातो. त्यात बड्या ब्रँडची नक्कल. त्यांना गूढ बोलणं परवडतं, कारण त्यांचा माल लोकांना आधीच ठाऊक असतो.

दुरुस्तीसाठी शब्द ग्राहकांच्या फोनमध्ये सापडतात. सोसायटीचा खजिनदार ‘कारभार’ म्हणत नाही. ‘कोणाचं मेंटेनन्स थकलंय ते शोधण्यात रविवार जातो’ म्हणतो. त्यावरून मथळा होतो: ‘मेंटेनन्सची बिलं पाठवा, कोणाचं थकलंय ते लगेच बघा’. खाली छोट्या ओळीत, ‘हाउसिंग सोसायटीच्या खजिनदारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर’. पार्किंग येईल तेव्हा येईल.

एवढं करूनही चौकश्या वाढल्या नाहीत, तर दोष दुसरीकडे शोधावा. जाहिरातीत ‘मोफत’ आणि पानावर वर्षाची फी असेल, तर माणूस मथळा समजूनच परत जातो. पाच सेकंदांच्या चाचणीतून वस्तू कळली का एवढंच समजतं. ती कोणाला हवी आहे का, हे त्यातून समजत नाही.