वहीचं पान ते मालाची ऑर्डर

किराणा दुकानात शिल्लक मालाची यादी अजूनही बहुतेक ठिकाणी वहीतच होते. दुकान बंद करता करता मालक किंवा कामाचा मुलगा फळीफळीवरून नजर फिरवतो आणि पेनानं लिहीत जातो. मग त्या पानाचा फोटो घरातल्या कुणाला तरी जातो: मुलगी, पुतण्या, हिशेब पाहणारा ओळखीचा माणूस. त्यानं त्या फोटोवरून ठरवायचं असतं की कोणता माल किती मागवायचा. काम वरवर टायपिंगचं दिसतं. खरं तर ते वाचनाचं आहे, आणि वाचन चुकलं तर पुढचं गणित कितीही बरोबर असलं तरी दुकानात साखर संपते.

फोटोबद्दल थोडक्यात. वही सपाट दाबून, पानाच्या बरोबर वरून, दिवसाच्या उजेडात फोटो काढावा. पानाचे चारही कोपरे आणि वरची तारीख दिसली पाहिजे. पातळ कागदावर मागची शाई उमटते, म्हणून पानाखाली एक कोरा कागद सरकवावा.

तालुक्याच्या गावातलं एक दुकान धरू. यादी रविवारी रात्री होते, माल मंगळवारी येतो. यादीत लिहिलंय: ‘साखर १॥ पो.’, त्याखाली ‘तूरडाळ ॥ कट्टा’, त्याखाली ‘हरभराडाळ —॥—’, पुढे ‘शाम्पू’समोर एक किंवा नऊ वाटणारा आकडा आणि ‘लडी’, शेवटी ‘अंगाचा साबण २-५’.

जुन्या हिशेबाच्या पद्धतीत एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यामुळे साखर दीड पोतं आहे आणि तूरडाळ अर्धा कट्टा. पण हरभराडाळीसमोरच्या त्याच दोन रेघांच्या दोन्ही बाजूंना आडव्या रेघा आहेत. तिथे अर्थ ‘वरीलप्रमाणे’ असा आहे, म्हणजे तीही अर्धा कट्टाच. ही पद्धत माहीत नसलेल्या तरुण माणसाच्या हातून १॥ चे एकशे अकरा होतात. निदान अकरा तरी होतात.

म्हणून तक्त्यात पहिला रकाना वस्तूचा आणि दुसरा ‘वहीत जसं आहे तसं’ असा ठेवावा. त्यात काहीही सुधारायचं नाही, संक्षेपही फोडायचा नाही. आपण लावलेला अर्थ, म्हणजे किलो किंवा नगांत बदललेली शिल्लक, तिसऱ्या रकान्यात येते. हे दोन रकाने वेगळे असले की शंका आल्यावर चूक वाचनात झाली की हिशेबात, हे लगेच कळतं. या सगळ्या कामात मी सर्वात जास्त आग्रह याच एका गोष्टीचा धरेन.

दुसऱ्या रकान्याला आधीच ‘मजकूर’ हे स्वरूप द्यावं. साबणाचे २-५ म्हणजे दोन डझन आणि वर पाच नग, एकूण २९. पण एक्सेलमध्ये ते तसंच टाइप केलं की त्याची तारीख होऊन बसते. कुणी ते अडीच डझन समजून टाइप केलं, तर ३० होतात. हिशेबाच्या रकान्यांत मात्र इंग्रजी आकडेच टाइप करावेत, कारण देवनागरी आकड्यांना तक्ता बहुतेक वेळा मजकूर समजतो आणि बेरीज करत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: खरा आकडा चौकटीत उजवीकडे सरकतो, मजकूर डावीकडे राहतो.

आता शाम्पूचा एक की नऊ? फोनमधली अक्षरं ओळखणारी सोय इथे एक आकडा ठोकून देईल, पण शंका आहे असं सांगेलच याचा भरवसा नाही. आधी त्याच हाताचे दुसरे आकडे पाहावेत, विशेषतः वरच्या तारखेतले. तेवढ्यानं भागलं नाही तर मागच्या आठवड्याची यादी काढावी. मागची शिल्लक, अधिक मधे आलेला माल, वजा आजची शिल्लक, म्हणजे आठवड्याची विक्री. मागच्या रविवारी शाम्पूच्या ६ पुड्या होत्या, मंगळवारी ५ लडी आल्या. या दुकानात एका लडीत १६ पुड्या येतात, म्हणजे एकूण ८६. आज ९ लडी असत्या तर शिल्लक १४४ झाली असती, आणि विक्री शून्याच्याही खाली गेली असती. १ लडी धरली तर विक्री ७० पुड्या, रोजच्या दहा. प्रश्न सुटला. साखरेचंही तसंच: मागची ५९ किलो, आलेली १०० किलो, आज दीड पोतं म्हणजे ७५ किलो, विक्री ८४, रोजची १२. कुणी अकरा पोती वाचली असती, तर याच वजाबाकीनं त्याला अडवलं असतं. विक्री उणे आली की दोनच शक्यता: आकडा चुकीचा वाचलाय, नाहीतर मधे आलेला माल लिहायचा राहिलाय.

ही वजाबाकी केली नाही तर चूक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. शिल्लक जास्त वाचली गेली की ऑर्डरच्या रकान्यात शून्य येतं, आणि शून्याकडे कुणी पाहत नाही.

किती मागवायचं हे ठरवताना ‘आठवड्याचा माल’ म्हणून सात दिवस धरू नयेत. मंगळवारी आलेला माल पुढच्या मंगळवारपर्यंत पुरायचा आहे, आणि आज रविवारची रात्र आहे. म्हणजे दोन अधिक सात, नऊ दिवस. गाडी उशिरा आली तर, म्हणून आणखी दोन. रोजच्या विक्रीला ११ ने गुणलं की लागणारा साठा मिळतो. त्यातून शिल्लक वजा करायची, पोतं किंवा डझनानं भागायचं आणि वरच्या पूर्ण आकड्याला न्यायचं. शिल्लक तिसऱ्या, लागणारा साठा चौथ्या आणि पॅकचं माप पाचव्या रकान्यात असेल, तर सहाव्यातलं सूत्र असं:

```
=ROUNDUP(MAX(0,D2-C2)/E2,0)
```

| वस्तू | वहीत | शिल्लक | लागेल | पॅक | ऑर्डर |
|---|---|---|---|---|---|
| साखर | १॥ पो. | ७५ किलो | १३२ | ५० | २ पोती |
| तूरडाळ | ॥ कट्टा | १५ किलो | ५५ | ३० | २ कट्टे |
| हरभराडाळ | —॥— | १५ किलो | ३३ | ३० | १ कट्टा |
| शाम्पू | १ लडी | १६ पुड्या | ११० | १६ | ६ लडी |
| अंगाचा साबण | २-५ | २९ नग | ४४ | १२ | २ डझन |

साखरेची ओळ नीट पाहा. तूट ५७ किलोची आहे आणि सूत्र दोन पोती सांगतं. पण एकच पोतं घेतलं तर साठा १२५ किलो होतो. नऊ दिवसांची गरज १०८ किलोचीच, म्हणजे १७ किलो हाताशी राहतात. पैसे अडकवायचे नसतील तर मालक एकच पोतं घेईल, आणि ते योग्यच आहे. गणपती आठवड्यावर आले असतील तर दोनही कमी पडतील. श्रावणातल्या साबुदाण्याचंही असंच: आषाढातल्या विक्रीवरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. शिवाय एखादी वस्तू बुधवारीच संपली असेल, तर आठवड्याची विक्री कमी दिसते, पण गिऱ्हाईक कमी झालेलं नसतं. अशा वस्तूला जितके दिवस माल होता तितक्याच दिवसांनी भागावं. म्हणूनच सूत्राच्या पुढे आणखी एक रकाना मालकाच्या शेऱ्यासाठी मोकळा ठेवतात, आणि व्यापाऱ्याला जातो तो आकडा या शेऱ्यानंतरचा असतो.

शेवटी ओळी व्यापाऱ्याप्रमाणे लावायच्या. साखर आणि डाळी ठोक व्यापाऱ्याकडे, साबण-शाम्पू एजन्सीच्या सेल्समनकडे. सेल्समन गुरुवारी येत असेल तर त्याच्या वस्तूंना दिवस वेगळे धरायचे. मंगळवारी माल उतरला की बिल, पोती आणि ऑर्डर यांचा मेळ घालायचा आणि प्रत्यक्ष आलेला आकडा त्याच तक्त्यात ‘आलेला माल’ म्हणून भरायचा. फोटो मात्र तोपर्यंत पुसायचा नाही, कारण पुढच्या रविवारची वजाबाकी याच पानावरून सुरू होते.