हलका हात, नितळ चेहरा

नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि गालांच्या आतल्या भागावर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसू लागले की पार्लरमध्ये त्याला एकच नाव मिळतं, ‘ओपन पोअर्स’. ते लपवायचे म्हणून बहुतेक जणी फाउंडेशनचा एक हात वाढवतात. तासाभरात तेच फाउंडेशन त्या खड्ड्यांत उतरतं, कडेला साचतं आणि लांबूनही न दिसणारी रंध्रं ठिपक्या-ठिपक्यांनी उठून दिसायला लागतात. म्हणजे ज्यासाठी मेकअप केला, नेमकं तेच त्यानं चव्हाट्यावर आणलं. असं का होतं हे एकदा कळलं की उपाय फार सोपा आहे. तो जास्त मेकअपचा नाही, कमी मेकअपचा आहे.

आधी रंध्रं म्हणजे काय ते पाहू. चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. तिच्यातलं तेल, म्हणजे सीबम, ज्या तोंडातून बाहेर येतं ते रंध्र. नाक, कपाळ आणि हनुवटी इथे या ग्रंथी मोठ्या असतात, म्हणून तिथली रंध्रंही मोठी दिसतात. ती किती मोठी असायची हे बरंचसं आनुवंशिकतेनं ठरतं. तेल जास्त सुटत असेल तर ती ठळक दिसतात, आणि वय वाढून त्वचेचा ताण सैलावला की गालावरची रंध्रं थोडी लांबटही दिसतात. रंध्राच्या तोंडाशी उघडझाप करणारा स्नायू नसतो. त्यामुळे वाफेनं रंध्रं उघडतात आणि बर्फानं मिटतात, हा समज खरा नाही. वाफेनं आतला मळ आणि तेल मऊ होतं, बर्फानं त्वचा थोडा वेळ आकसल्यासारखी वाटते, एवढंच.

मग आरशात आपल्याला दिसतं ते काय? दिसते ती त्या खड्ड्यातली सावली. खिडकीला पाठमोरं न बसता खिडकी एका बाजूला ठेवून आरशात पाहा. तिरपा उजेड पडला की गालावरचं प्रत्येक रंध्र दिसतं. आता तोंड सरळ खिडकीकडे करा. निम्मी रंध्रं गायब होतात. त्वचा तीच, उजेडाची दिशा तेवढी बदलली. त्यात तेलाची चकाकी आली की रंध्राभोवतीचा भाग लखलखतो आणि मधला खड्डा आणखी काळा वाटतो. म्हणून आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत, सावली कमी करायची आणि चकाकी कमी करायची. प्रायमर पहिलं काम करतो, टिपणं दुसरं. बेसचं काम या दोघांनी केलेलं बिघडवायचं नाही, इतकंच.

एक प्रत्यक्ष प्रसंग घेऊ. मे महिना, ठाण्यातलं लग्न, मुहूर्त साडेअकराचा. चाळिशीतली करवली, त्वचा मिश्र, म्हणजे नाक-कपाळ तेलकट आणि गालांच्या कडा कोरड्या. दुपारी तीनपर्यंत चेहरा टिकायला हवा, शिवाय दमट हवा आणि फोटोग्राफरचा फ्लॅश आहेच.

आठच्या सुमाराला तिनं सौम्य फेसवॉशनं चेहरा धुवावा आणि टॉवेलनं न घासता टिपून घ्यावा. त्यावर पातळ, जेलसारखं मॉइश्चरायझर. तेलकट त्वचेला ते नको असं वाटतं, पण गालाच्या कोरड्या कडांवर पुढे बेस पापुद्र्यासारखा सुटतो तो मॉइश्चरायझर टाळल्यानं. मग सनस्क्रीन. ते नेहमीच्या मापानंच लावायचं. प्रायमर सनस्क्रीनची जागा घेत नाही. आता दहा-पंधरा मिनिटं चेहऱ्याला हात लावायचा नाही. तेवढ्यात साडी नेसून होते. खालचा थर ओला असताना वरचा लावला की दोन्ही एकमेकांत कालवले जातात, आणि घाईच्या सकाळी सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

प्रायमरच्या आधी एकदा नाक आणि कपाळ टिशू पेपरनं दाबून टिपावं. सनस्क्रीनचा जो तेलकट अंश वर राहिलेला असतो तो निघून जातो आणि प्रायमरला बसायला कोरडी जागा मिळते.

रंध्रांसाठीच्या प्रायमरमध्ये बहुधा सिलिकोन असतं. बाटलीमागच्या यादीत डायमेथिकोन हे नाव सापडेल. ते मऊ, सरकतं असतं, त्वचेत मुरत नाही, वरच राहतं. रंध्राच्या खळग्यात ते बसतं आणि पृष्ठभाग सपाट करतं. जोडीला अनेकदा सिलिकाचे अतिबारीक कण असतात. ते उजेड एका दिशेला न परतवता सगळीकडे विखुरतात, त्यामुळे सावलीची कड पुसट होते. भिंतीला रंग देण्याआधी लांबी भरून घेतात, तसंच हे. आणि लांबी जशी खड्ड्यापुरती भरायची असते तसा प्रायमरही रंध्रं दिसतात तिथेच लावायचा.

प्रमाण मटारच्या दाण्याहून कमी. तेवढा अख्ख्या कामाला पुरतो. अनामिकेच्या टोकावर थोडासा घ्यावा आणि नाकाच्या बाजूची खाच, नाकाचा शेंडा, गालाचा आतला भाग, हनुवटी एवढ्याच जागी लावावा. लावण्याची पद्धत महत्त्वाची आहे. आधी बोट दाबायचं, मग अगदी लहान गोल फिरवायचं, आणि शेवटी वरून खाली एकदा हलकेच सपाट करायचं. रंध्रांची तोंडं एकाच दिशेला नसतात. एका बाजूनं ओढलं तर एका कडेला प्रायमर भरतो आणि दुसरी कड उघडी राहते. नाकाच्या खाचेत आरसा जवळ धरून पाहा. पांढरे ठिपके दिसले तर प्रायमर जास्त झाला. तो पुसायचा नाही. स्वच्छ बोटानं दाबून जादाचा उचलायचा. मग दोन मिनिटं थांबायचं.

यानंतर बेस. इथेही दोन गोष्टी जमायला हव्यात, जोडी आणि जाडी. सिलिकोनच्या प्रायमरवर पाण्याचं प्रमाण जास्त असलेलं फाउंडेशन कधी कधी बसत नाही. ते फाटतं किंवा बोट फिरवताच खोडरबराच्या चुऱ्यासारखे गोळे निघतात. ही परीक्षा लग्नाच्या सकाळी चेहऱ्यावर करू नये. आदल्या आठवड्यात हाताच्या मागच्या बाजूला प्रायमर लावून, दोन मिनिटं थांबून त्यावर फाउंडेशन दाबून पाहावं. गोळे आले तर जोडी बदलावी, किंवा प्रायमर कमी करून वाळायला जास्त वेळ द्यावा.

जाडीचं म्हणाल तर अर्धा पंप पुष्कळ झाला. तो हाताच्या पाठीवर घ्यावा. स्पंज पाण्यात भिजवून घट्ट पिळावा, त्यातून थेंबही पडता कामा नये. सुरुवात गालाच्या मध्यापासून करून बाहेर जावं, आणि नाकावर स्पंजला शेवटी जेवढं उरलेलं असेल तेवढंच लावावं. स्पंज ओढायचा नाही, टपटप दाबायचा. ब्रशनं ओढलं की फाउंडेशन रंध्राच्या कडेला थडकून तिथे साचतं. दाबलं की पातळ पापुद्रा होऊन पसरतं. मुरुमाचा डाग किंवा डोळ्याखालचं काळं उरलंच, तर त्या ठिकाणापुरता कन्सीलर टेकवावा. एका डागासाठी अख्ख्या गालावर दुसरा थर देऊ नये.

आता पुन्हा टिपणं, आणि बहुतेकींकडून सुटते ती हीच पायरी. टिशूचा एक पदर सुटा करून नाकावर आणि गालावर ठेवावा, त्यावरून कोरडा पफ हलकेच दाबावा आणि टिशू सरळ उचलावा. त्यावर फाउंडेशनचा फिकट ठसा दिसेल. तो जादाचा भाग होता, तासाभरानं रंध्रांत उतरणारा. मग लूज पावडर पफवर घेऊन झटकावी आणि फक्त नाक, कपाळाचा मध्य, हनुवटी इथे दाबावी. गालाच्या कोरड्या कडांना पावडर नको. चमकीचं हायलायटरही रंध्रांच्या भागावर नको. चकाकी कमी करायला इतका वेळ दिला, तो त्यानं वाया जातो. लावायचंच असेल तर गालाच्या हाडाच्या वरच्या कडेला, रंध्रं नसतील तिथे. सिलिकाची पांढरी पावडर जास्त झाली तर डोळ्यांना दिसत नाही, पण फ्लॅशच्या फोटोत चेहऱ्यावर पांढरे पट्टे उमटतात. म्हणून घरूनच मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढून पाहावा.

दुपारी दीडला पंगत उठते तेव्हा नाक चमकायला लागलेलं असतं. या वेळी पर्समधून कॉम्पॅक्ट बाहेर काढण्याचा मोह आवरावा. तेलावर पावडर बसली की तिचा लगदा होतो आणि तो थेट रंध्रांत जातो. आधी घाम मऊ टिशूनं टिपावा, मग ब्लॉटिंग पेपर नाकावर ठेवून काही क्षण दाबून धरावा. घासायचा नाही, घासला की तेलाबरोबर बेसही निघतो. कागद तेल शोषून पारदर्शक होतो, त्यावरून काम झालं की नाही ते कळतं. जपानमध्ये यासाठी वापरतात त्या कागदाचं मूळ सोन्याचा वर्ख कुटण्याच्या कागदात आहे. कुटून कुटून तो इतका तलम होई की तेल चटकन टिपून घेई. आपल्याकडे कागद नसेल तर टिशूचा एक पदरही चालतो. टिपल्यानं त्वचा जास्त तेल सोडते, असं काही नसतं. कागद फक्त वर आलेलं तेल उचलतो. टिपूनही नाक चमकत असेल तरच चिमूटभर पावडर.

रात्री हा सगळा थर निघायला हवा. सिलिकोन नुसत्या पाण्यानं किंवा साबणानं नीट सुटत नाही. आधी क्लेन्झिंग बाम किंवा तेलाचं क्लेन्झर कोरड्या चेहऱ्यावर फिरवावं, मग फेसवॉश.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. हातभर अंतरावरून रंध्रं दिसेनाशी होतात. मोठं करून दाखवणाऱ्या आरशात ती दिसणारच. मुरुमांनी पडलेले खोल व्रण प्रायमरनं भरत नाहीत. उलट तो तिथे साचून दिसतो. नाकावरचे करडे ठिपके बहुधा ब्लॅकहेड्स नसून रंध्रातलं नेहमीचं सीबम असतं. पिळून काढलं तरी ते काही आठवड्यांत पुन्हा भरतं आणि पिळण्यानं त्वचा मात्र दुखावते. रोजच्या तेलासाठी सॅलिसिलिक ॲसिड किंवा रेटिनॉइड यांचा उपयोग होतो, पण त्याचा परिणाम महिन्यांत दिसतो. व्रण असतील किंवा गरोदरपण असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच पुढे जावं.

लग्नाआधीच्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी अर्ध्या चेहऱ्यावर हे सगळं आणि उरलेल्या अर्ध्यावर आपला नेहमीचा मेकअप करून पाहा. तासाभरानं, मग चार तासांनी, खिडकीच्या तिरप्या उजेडात आणि फ्लॅशमध्ये दोन्ही गालांचे फोटो काढा. प्रायमर किती लागतो, बेस किती पातळ चालतो आणि किती वाजता टिपायचं, याचं तुमच्या त्वचेपुरतं उत्तर त्या फोटोंतच मिळेल.