ओठातला पाण्याचा फोड: फोडून का संपत नाही

खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला एक मऊ, निळसर, पारदर्शक फुगवटी येते. दुखत नाही, फक्त जिभेला सारखी लागत राहते. चावताना दाताखाली सापडली की फुटते, चिकट, तार धरणारं स्वच्छ पाणी येतं आणि ओठ सपाट होतो. घरातले म्हणतात, "गेली बघा." आठ-दहा दिवसांनी ती त्याच जागी परत हजर. या फुगवटीला डॉक्टर म्युकोसील म्हणतात. असाच फुगा जिभेखाली, तोंडाच्या तळाशी आला आणि मोठा असला तर त्याला रॅन्युला म्हणतात. पलूससारख्या गावात या दोन्हींबद्दल जे बोललं जातं आणि केलं जातं, त्यातलं बरंचसं चुकीच्या समजुतीवर उभं आहे.

गैरसमज: लाळेची नळी तुंबली म्हणून पाणी साचतं, ते काढलं की झालं.

हा समज डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकू येतो आणि तो अर्धाच खरा आहे. नळी तुंबून साचलेली लाळ हा प्रकार असतो, पण तो कमी आणि बहुधा मोठ्या वयात दिसतो. मुलांच्या आणि तरुणांच्या ओठातल्या बहुतेक फुगवट्यांमध्ये नळी तुंबलेली नसते, तुटलेली असते. आपल्या तोंडाच्या अस्तराखाली 600 ते 1000 छोट्या लाळग्रंथी असतात आणि प्रत्येकीची एक केसासारखी बारीक नळी अस्तरावर उघडते. ओठ चावला, सायकलवरून पडून दात ओठात घुसला किंवा मूल सवयीने ओठ चोखत राहिलं, तर ही नळी फाटते. ग्रंथी मात्र आपलं काम थांबवत नाही. तिची लाळ आता तोंडात न येता ओठाच्या मांसात झिरपत राहते.

द्राक्षबागेत खुरपणी करताना ठिबकची लॅटरल कापली गेली, तर मातीत एका जागी डबकं होतं. डबक्यातलं पाणी बादलीने उपसलं तरी पाणी सुरू आहे तोवर ते पुन्हा भरणारच. ओठातल्या फुगवटीला सुई टोचणं म्हणजे हे डबकं उपसणं. शिवाय या डबक्याला स्वतःची भिंत नसते. शरीर गळक्या लाळेभोवती सूज आणि नव्या पेशींचं कच्चं कुंपण उभारतं, एवढंच. म्हणून शल्यविशारद फक्त फुगा कापत नाही, त्याच्या बुडाशी असलेली ग्रंथीही काढतो. छोट्या ग्रंथी इतक्या संख्येने असल्यामुळे त्यातल्या दोन-चार गेल्या तरी तोंड कोरडं पडत नाही.

गैरसमज: ही उष्णता आहे, किंवा पू झालाय. गोळ्या घ्या, चुना लावा, सुईने फोडा.

हे नेमकं कसं बिघडतं ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, पलूसमधली सहावीतली एक मुलगी शाळेतून येताना सायकलवरून पडली आणि खालचा ओठ आतून चावला गेला. चार-पाच दिवसांत जखम भरली. आठवड्याने त्याच जागी सहा-सात मिलिमीटरची मऊ फुगवटी दिसू लागली. आजी म्हणाली, "उष्णता झालीया पोरीला, जिऱ्याचं पाणी द्या." औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आल्या. फुगवटी फुटली, सपाट झाली आणि सगळ्यांना वाटलं गोळ्या लागू पडल्या. खरं म्हणजे ती जेवताना दाताखाली फुटली होती. दुसऱ्यांदा आली तेव्हा आईने सुई गॅसवर तापवून टोचली. तिसऱ्यांदा आली ती थोडी पांढरट आणि घट्ट, कारण दोनदा फुटून तिथे व्रणाची ऊती तयार झाली होती. आता ती सहज फुटेनाही.

पू असता तर जागा लाल, गरम आणि ठणकणारी असती. ही फुगवटी तशी नसते, म्हणून अँटिबायोटिकला मारायला तिथे काही नसतं. चुन्याने कोवळं अस्तर भाजतं आणि सुईने नवे जंतू आत जातात. जिऱ्याचं पाणी निरुपद्रवी आहे, पण नळी जोडायचं काम ते करत नाही.

छोटी, नवी फुगवटी तीन-चार आठवडे नुसती पाहत राहणं मात्र योग्य आहे. काही आपोआप फुटतात, जागा भरते आणि त्या परत येत नाहीत. या काळात ओठ चावण्याची-चोखण्याची सवय थांबवणं आणि एखादा दात टोकदार किंवा वाकडा असेल तर तो दाखवून घेणं उपयोगी पडतं. तान्ह्या बाळांच्या तोंडात असा फुगा दिसला आणि दूध पिणं, श्वास घेणं ठीक असेल, तर डॉक्टर काही काळ वाट पाहायला सांगतात. तिकडे घाई नको.

आपल्या सहावीतल्या मुलीची फुगवटी तीनदा आली आहे. तिच्या बाबतीत वाट पाहण्यात अर्थ उरलेला नाही.

गैरसमज: ऑपरेशन म्हणजे मोठी भानगड, ओठ कायमचा वाकडा होईल.

दाताचा शल्यविशारद आधी ओठ दोन बोटांत धरून चाचपतो. फुगवटी आत पाणी असल्यासारखी हलते का, खोल आहे की वर, हे बघतो. मग बधिर करण्याचं इंजेक्शन देतो. ओठ उलटून आतल्या बाजूने छोटी चीर घेतली जाते, बाहेरून दिसेल अशी नाही. फुगा आणि त्याच्या बुडाशी दिसणारे ग्रंथीचे बारीक दाणे एकत्र काढले जातात. कडेला उघडे पडलेले शेजारचे दाणेही काढावे लागतात, कारण टाके घालताना सुई त्यातल्या एखाद्यात शिरली तर नवीच फुगवटी सुरू होऊ शकते. ऑपरेशननंतर पुन्हा आली की लोक डॉक्टरला दोष देतात. कधी कारण हे असतं, कधी बुडाची ग्रंथी राहून गेलेली असते. तीन-चार टाके, आठवड्याने काढायचे. एकूण वेळ साधारण अर्धा तास.

घरच्यांनी लक्ष द्यायचं ते ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत. ओठ बधिर असतो आणि मुलं गंमत म्हणून तो चावतात. या चावण्याने मोठा व्रण पडतो. बधिरपणा उतरेपर्यंत मुलाला खायला देऊ नये आणि डोळ्यासमोर ठेवावं. ओठाचा एखादा छोटा भाग काही दिवस सुन्न वाटू शकतो, तो बहुधा आपोआप सुधारतो. काढलेला तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून तपासणीला गेला पाहिजे. तो कचऱ्यात जाता कामा नये. याचं कारण पुढे आहे.

गैरसमज: जिभेखालचा फुगा आणि ओठातला फुगा एकच, दोन्ही कापून मोकळं व्हा.

जिभेखालच्या फुग्याचा, रॅन्युलाचा, मालक वेगळा आहे. तिथे जिभेखालची मोठी लाळग्रंथी असते. गालातली आणि जबड्याखालची ग्रंथी मुख्यतः जेवताना जोर धरते, पण जिभेखालची ग्रंथी दिवसरात्र थोडी थोडी स्रवत असते. तिची नळी फाटली की गळती सहसा आपोआप थांबत नाही. फुगा एका बाजूला वाढतो, दोन-तीन सेंटिमीटरचा होतो, जीभ वर उचलतो आणि बोलणं बदलतं. कधी ही लाळ तोंडाच्या तळाच्या स्नायूतल्या फटीतून खाली उतरते आणि हनुवटीखाली, मानेत मऊ सूज येते. तोंडात काहीच दिसत नाही, तेव्हा घरचे ती गळ्याची गाठ समजून भलतीकडेच धाव घेतात.

इथेही नुसतं पाणी काढलं तर फुगा जवळजवळ हमखास परततो. चीनमधल्या वुहानच्या शल्यविशारदांनी 580 रॅन्युलांचा आढावा 2004 साली प्रसिद्ध केला. फुग्याला खिडकीसारखं तोंड करून सोडून दिलं तेव्हा सुमारे 67 टक्के रुग्णांत तो परत आला. फक्त फुगा कापला तेव्हा सुमारे 58 टक्क्यांत. जिभेखालची ग्रंथीच काढली तेव्हा 1.2 टक्क्यांत. मानेत उतरलेल्या रॅन्युलातही मुख्य काम तोंडातून ग्रंथी काढण्याचं असतं. मानेतल्या पाण्याचा साठा मग आपोआप जिरतो.

मात्र या ग्रंथीला खेटून जिभेची संवेदना देणारी नस आणि जबड्याखालच्या ग्रंथीची नळी जाते. नस दुखावली तर जीभ त्या बाजूला सुन्न राहू शकते. म्हणून हे ऑपरेशन भूल देऊन, तोंड-जबड्याच्या शल्यविशारदाच्या हातून व्हावं. पलूसकरांना त्यासाठी मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. सांगलीचं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय, कवलापूरचं वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कराडजवळ मलकापूरची कृष्णा संस्था आवाक्यात आहेत.

जिभेखालची प्रत्येक सूज रॅन्युला नसते. जेवायला बसलं की हनुवटीखाली फुगतं, दुखतं आणि तासाभराने ओसरतं, असं असेल तर लाळेच्या नळीतल्या खड्याचा संशय घ्यावा. आणि एक-दोन दिवसांत जिभेखाली कडक, दुखरी सूज आली, ताप आहे, तोंड उघडत नाही, लाळ गिळवत नाही, तर तो दाताचा पसरणारा संसर्ग असू शकतो. त्यात श्वास अडतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रात्रीच मोठ्या दवाखान्यात न्यावं.

गैरसमज: हा कॅन्सर आहे. किंवा उलट, पाण्याचाच फोड आहे, तपासायचं काय त्यात?

आपल्या भागात तंबाखू-चुना, गुटखा आणि मिश्रीची सवय आहे, त्यामुळे तोंडातल्या कुठल्याही गाठीने घाबरणं स्वाभाविक आहे. मऊ, निळसर, कमी-जास्त होणारी खालच्या ओठातली फुगवटी जवळजवळ कधीच कॅन्सर नसते, कॅन्सरमध्ये बदलतही नाही आणि एकाची दुसऱ्याला लागत नाही. तोंडाचा कॅन्सर बहुधा न भरणारा व्रण, पांढरा-लाल चट्टा किंवा कडक कडेची जखम म्हणून दिसतो.

पण जागा फार महत्त्वाची आहे. म्युकोसील वरच्या ओठात क्वचितच होते. तिथली न दुखणारी घट्ट गाठ बऱ्याचदा लाळग्रंथीची गाठ असते. टाळूवर किंवा शेवटच्या दाढेच्या मागे येणारा निळसर फुगा दिसायला हुबेहूब म्युकोसील आणि आत लाळग्रंथीचा कॅन्सर, असं घडतं. चाळिशीनंतर पहिल्यांदा आलेली, घट्ट होत जाणारी, कधीच कमी न होणारी गाठ पाण्याचा फोड म्हणून सोडू नये. तुकड्याची तपासणी याचसाठी.

तुमच्या घरात असा फोड असेल तर सुई बाजूला ठेवा. तीन-चार आठवड्यांत गेला नाही किंवा दुसऱ्यांदा आला, तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा आणि ऑपरेशन झालं तर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात मागून घ्या.