विश्लेषण : ११४ पैकी १०८ गुण मिळूनही हॉटेलचे स्वयंपाकघर तपासणीत नापास कसे होते?

दोन हॉटेलांच्या स्वयंपाकघरांची तपासणी झाली. पहिल्याला ११४ पैकी १०८ गुण मिळाले, दुसऱ्याला ९६. यातले ९६ गुणांचे उत्तीर्ण झाले आणि १०८ गुणांचे नापास. ही उदाहरणे काल्पनिक आहेत, पण नियम खरा आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, केटरिंग व्यवसायासाठीच्या तपासणी यादीत असे घडू शकते. कारण त्या यादीतल्या काही प्रश्नांपुढे एक छोटी चांदणी छापलेली असते.

गुण कसे दिले जातात?

यादी एकूण ११४ गुणांची आहे. बहुतेक प्रश्नांना २ गुण, तर चांदणीच्या प्रश्नांना ४ गुण असतात. एकूण गुणांवरून श्रेणी ठरते. १०० ते ११४ गुणांना ‘ए प्लस’, ९१ ते ९९ ला ‘ए’, ८० ते ९० ला ‘बी’, म्हणजे सुधारणा हवी. ८० पेक्षा कमी गुण मिळाले तर श्रेणीच मिळत नाही.

इथपर्यंत हे शाळेच्या गुणपत्रिकेसारखेच आहे. पण यादीवर आणखी एक सूचना असते : चांदणीच्या कोणत्याही एका प्रश्नात त्रुटी आढळली, तर संपूर्ण तपासणीचा निकाल ‘निकषांची पूर्तता नाही’ असा लागतो. मग बेरीज कितीही येवो.

चांदणी कशासाठी?

भिंतीचा रंग उडाला असेल किंवा फरशी फुटली असेल, तर ती त्रुटीच आहे. पण त्यामुळे आज दुपारी जेवलेला माणूस रात्री रुग्णालयात जाईल, असे सहसा होत नाही. स्वयंपाकाला वापरलेले पाणीच दूषित असेल, मांस आतपर्यंत शिजले नसेल किंवा शिजवलेला पदार्थ नीट थंड केला नसेल, तर मात्र तेवढे एकच कारण आजारासाठी पुरेसे आहे.

नुसत्या बेरजेत ही गोष्ट हरवते. चकचकीत फरशी, उत्तम दिवे आणि टापटीप गोदाम यांचे गुण दूषित पाण्याचे गुण भरून काढतात. पण पोटात गेलेले जंतू फरशी बघत नाहीत. म्हणून काही प्रश्नांना नुसते जास्त गुण देऊन भागत नाही, त्यांना नकाराधिकार द्यावा लागतो.

मग सगळ्याच प्रश्नांना चांदणी का नाही? तसे केले तर फुटलेल्या एका फरशीमुळेही हॉटेल नापास होईल. मग तपासणारा छोट्या त्रुटींकडे काणाडोळा करू लागेल आणि यादीला अर्थच उरणार नाही.

१०८ गुणांच्या स्वयंपाकघरात काय चुकले?

समजा, सकाळी २० लिटरच्या टोपात चिकनचा रस्सा शिजवला. संध्याकाळच्या गर्दीसाठी तो फ्रिजमध्ये ठेवायचा आहे. नियम असा : असा पदार्थ ६० अंश सेल्सिअसवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत यायला हवा आणि त्यापुढच्या दोन तासांत ५ अंशांपर्यंत.

अधिकारी दुपारी १२ वाजता आले. टोप ओट्यावर झाकून ठेवला होता. थर्मामीटर रश्शाच्या मध्यभागी धरला, तर ५६ अंश. म्हणजे ६० अंशांची रेषा आधीच ओलांडली होती. दोन वाजता पुन्हा मोजले, तर ४१ अंश. तोवर २१ अंश व्हायला हवे होते. या प्रश्नाचे ४ गुण गेले. एका खिडकीला जाळी नव्हती, त्याचे २ गेले. बाकी सगळे चोख. बेरीज १०८, निकाल नापास.

दुसऱ्या स्वयंपाकघराने चांदणी नसलेल्या नऊ प्रश्नांचे प्रत्येकी २, असे १८ गुण गमावले. बेरीज ९६, श्रेणी ‘ए’. तिथे दुरुस्तीची कामे जास्त आहेत, पण आजच्या जेवणाला थेट धोका आढळला नाही.

पुन्हा उकळला तर रस्सा चालणार नाही का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक स्वयंपाकघरात विचारला जातो. उत्तर आहे, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. काही जिवाणूंचे बीजाणू शिजवतानाच्या उष्णतेतही जिवंत राहतात. पदार्थ कोमट झाला की ते पुन्हा वाढू लागतात. बॅसिलस सेरेयस हा भातात आढळणारा जिवाणू आणि हाताळणाऱ्याच्या हातावरून येणारा स्टॅफिलोकोकस, हे दोघे पदार्थात असे विष तयार करू शकतात की, ते उकळूनही नष्ट होत नाही. जिवाणू मरतात, विष तसेच राहते. पुढच्या कोणत्याही पायरीवर ही चूक दुरुस्त होत नाही, म्हणूनच ती इतकी गंभीर मानली जाते.

मग थंड करायचे कसे?

आपल्याकडे उन्हाळ्यात स्वयंपाकघराचे तापमान सहज ३० अंशांच्या वर असते. ओट्यावर ठेवलेला टोप अशा खोलीत २१ अंशांवर कधीच येणार नाही, मग दोन तास थांबा की दहा. गरम टोप तसाच फ्रिजमध्ये ठेवला, तर शेजारचे पदार्थ गरम होतात आणि रश्शाचा मध्य तरीही तासन् तास कोमट राहतो.

उपाय साधा आहे. रस्सा चार-पाच सेंटिमीटर खोलीच्या पसरट ट्रेमध्ये ओतायचा, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवायचे, अधूनमधून ढवळायचे आणि मग फ्रिजमध्ये हलवायचे. मोठ्या स्वयंपाकघरात यासाठी ब्लास्ट चिलर असतो. तापमान मात्र नेहमी मध्यभागी मोजायचे, कारण कडेचा रस्सा आधी थंड होतो आणि फसवतो.

अधिकारी आले तेव्हा काही थंडच होत नसेल तर?

ही या पद्धतीची मर्यादा आहे. तपासणी म्हणजे एका दिवसाचे, काही तासांचे चित्र. संध्याकाळी पाच वाजता आलेल्या अधिकाऱ्याला थंड करण्याची प्रक्रिया दिसेलच असे नाही. तेव्हा तापमानाच्या नोंदवहीचा आधार घ्यावा लागतो. इथे अनुभवी नजर लागते. महिनाभर रोज नेमके ५ अंश, एकाच पेनाने, एकाच अक्षरात लिहिलेले दिसले, तर ती वही एका बैठकीत भरली असण्याची शक्यता मोठी. खऱ्या नोंदीत आकडे थोडे वर-खाली होतात आणि एखाद्या दिवशी ‘तापमान जास्त, रस्सा फेकला’ असेही लिहिलेले असते. अशी नोंद स्वयंपाकघराच्या बाजूनेच जाते.

नापास म्हणजे लगेच टाळे?

तसे नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ३२ नुसार आधी सुधारणा नोटीस देता येते. तीत काय चुकले आणि काय करायचे ते लिहिलेले असते आणि त्यासाठी किमान १४ दिवसांची मुदत द्यावी लागते. सुधारणा झाली नाही, तर परवाना निलंबित आणि पुढे रद्दही होऊ शकतो. आरोग्याला तातडीचा धोका असेल, तर व्यवसायावर आपत्कालीन बंदी घालण्याची तरतूद कलम ३४ मध्ये वेगळी आहे.

त्यामुळे एखाद्या हॉटेलने आपले तपासणीचे गुण अभिमानाने पोस्ट केले, तर आकड्याच्या आधी एक गोष्ट विचारा : चांदणीचे सगळे प्रश्न सुटले होते का?