एकोणपन्नास आकड्यांची सरासरी

२०१४ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या करेन सिमोन्यान आणि अँड्र्यू झिसरमन यांनी चित्रे ओळखणारे व्हीजीजी-१६ हे नेटवर्क तयार केले. चित्र समोर ठेवले की त्यात कुत्रा आहे, बस आहे की चहाची किटली, हे हजार पर्यायांमधून निवडून सांगणे एवढेच त्याचे काम. त्यासाठी शिकताना ठरवायची वजने, म्हणजे नेटवर्कच्या आतले बदलते आकडे, होते १३ कोटी ८३ लाख. हे आकडे नुसते साठवायलाच साडेपाचशे मेगाबाइट जागा लागते.

गंमत अशी की या पसाऱ्यात बघण्याच्या कामाला फारच थोडी वजने लागतात. चित्रातल्या कडा, पोत, डोळे, चाके हुडकणारे जे १३ कॉन्व्होल्यूशन थर आहेत, त्यांच्या वाट्याला जेमतेम दीड कोटी वजने येतात. उरलेली १२ कोटी ३६ लाख वजने शेवटच्या तीन थरांत आहेत. बघून झाल्यावर निकाल लावणारे हे थर म्हणजे फुली कनेक्टेड लेअर, जिथे आधीचा प्रत्येक आकडा पुढच्या प्रत्येक आकड्याला जोडलेला असतो.

एवढी वजने येतात कुठून? कॉन्व्होल्यूशनचे सगळे थर ओलांडून चित्र बाहेर पडते तेव्हा त्याचे ५१२ छोटे तक्ते झालेले असतात. अशा प्रत्येक तक्त्याला चॅनेल म्हणतात. एका चॅनेलमध्ये ७ ओळी आणि ७ रकाने, म्हणजे ४९ आकडे. ढोबळमानाने, प्रत्येक चॅनेल एका विशिष्ट खुणेच्या शोधात असते. एखादे केसाळ पोतावर पेटते, एखादे गोल कडेवर. चित्राच्या ज्या भागात ती खूण सापडेल, त्या घरात मोठा आकडा उमटतो. ५१२ चॅनेलचे मिळून २५,०८८ आकडे होतात. पुढच्या थरात ४,०९६ आकडे आहेत आणि प्रत्येकाला प्रत्येक जोडायचा आहे. गुणाकार करा: १० कोटी २७ लाखांहून अधिक वजने, आणि तीही एकाच थरात.

यात जागेचा प्रश्न आहेच, पण खरी अडचण वेगळी आहे. केसाळ पोत डावीकडे वरच्या घरात दिसला तर त्याचे वजन वेगळे आणि उजवीकडे खालच्या घरात दिसला तर वेगळे. कुत्रा कोपऱ्यात बसला काय किंवा मध्यभागी, तो कुत्राच असतो. पण या थराला ते प्रत्येक जागेसाठी नव्याने शिकावे लागते. शिकण्याची चित्रे पुरेशी नसली की तो सरळ घोकंपट्टी करतो. सरावाच्या चित्रांवर पैकीच्या पैकी आणि नवे चित्र दाखवले की घसरण, हे त्याचे ठरलेले लक्षण.

यावरचा उपाय व्हीजीजीच्या आधीच, २०१३ च्या अखेरीस, सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातून मांडला गेला होता. मिन लिन, च्यांग चेन आणि शुईचेंग यान यांच्या ‘नेटवर्क इन नेटवर्क’ या निबंधात तो आहे, आणि तो इतका साधा आहे की पहिल्यांदा वाचताना फसवाफसवी वाटावी. प्रत्येक चॅनेलमधल्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढायची आणि पुढे फक्त ती न्यायची. यालाच ग्लोबल अॅव्हरेज पूलिंग म्हणतात. सरासरी काढायला एकही वजन लागत नाही, त्यामुळे तिथे घोकण्यासारखे काही उरतच नाही. याच लेखकांनी सीफार-१० या छोट्या चित्रसंग्रहावर तुलना करून पाहिली. फुली कनेक्टेड थर ठेवला तेव्हा ११.५९ टक्के चित्रे चुकली. घोकंपट्टीला आळा घालणारी ड्रॉपआउट ही युक्ती त्याला जोडल्यावर चुका १०.८८ टक्क्यांवर आल्या, आणि तो थर काढून नुसती सरासरी ठेवल्यावर १०.४१ टक्क्यांवर.

व्हीजीजीचा हिशेब याच पद्धतीने मांडून पाहू. ५१२ चॅनेलच्या ५१२ सरासऱ्या, त्या थेट हजार पर्यायांना जोडल्या, तर वजने लागतात ५ लाख १३ हजार. १२ कोटी ३६ लाखांच्या जागी! मात्र शिकून तयार झालेल्या नेटवर्कचे शेवटचे थर कापून तिथे सरासरी बसवली, असे करून चालत नाही. आधीच्या थरांना या नव्या शेवटासह पुन्हा शिकवावे लागते, कारण आता प्रत्येक चॅनेलची नुसती सरासरीसुद्धा अर्थपूर्ण असावी लागते. तसे करूनही अचूकता एखाद-दोन टक्क्यांनी उतरू शकते. पण २०१४ च्या इमेजनेट स्पर्धेत चित्रवर्गीकरणात व्हीजीजीला मागे टाकून पहिल्या आलेल्या गूगलनेटच्या शेवटी हीच सरासरी होती. पुढच्या वर्षी आलेल्या रेसनेटनेही तीच घेतली.

या साधेपणातून एक अनपेक्षित सोयही निघाली. सरासरी आणि वजनाने गुणून केलेली बेरीज, या दोन क्रिया कुठल्याही क्रमाने केल्या तरी उत्तर तेच येते. म्हणून ‘कुत्रा’ या पर्यायाची ५१२ वजने घ्यायची, सरासरी न काढता ती थेट ५१२ तक्त्यांना लावायची आणि तक्ते एकमेकांवर रचून बेरीज करायची. ७ बाय ७ चा एकच तक्ता हाती येतो आणि चित्राच्या कुठल्या भागाने निकाल ठरवला ते त्यात दिसते. एमआयटीमधल्या बोलेई झोऊ आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली हे दाखवून दिले. दात घासणाऱ्या माणसाच्या चित्रात तक्ता ब्रशवर तापला आणि झाड तोडण्याच्या चित्रात यांत्रिक करवतीवर. नेटवर्कचा निकाल बरोबर असून कारण चुकीचे असेल, म्हणजे ते प्राण्याऐवजी मागचा बर्फ पाहून उत्तर देत असेल, तर तेही इथेच पकडता येते.

इथवर सरासरी नेटवर्कच्या टोकाला बसली होती. २०१७ साली जिए हू, ली शेन आणि गांग सुन यांनी ती नेटवर्कच्या मध्ये आणून बसवली. मधल्या एखाद्या टप्प्यावर २५६ चॅनेल आहेत असे धरा, प्रत्येकी ५६ बाय ५६ चे. कॉन्व्होल्यूशन एका वेळी चित्राचा छोटासा तुकडाच पाहते; पूर्ण चित्रात काय चालले आहे याची त्या टप्प्यावर कोणाला कल्पना नसते. म्हणून आधी स्क्वीझ: प्रत्येक चॅनेलच्या ३,१३६ आकड्यांची एक सरासरी. अख्ख्या चित्राचा सारांश २५६ आकड्यांत आला. मग एक्सायटेशन: हे २५६ आकडे एका छोट्या थरातून १६ वर आणायचे, तिथून परत २५६ वर न्यायचे आणि प्रत्येकाला ० ते १ च्या दरम्यान बसवायचे. शेवटी मूळच्या प्रत्येक चॅनेलला आपापल्या आकड्याने गुणायचे.

ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात मिक्सरवर बसलेला माणूस एकूण आवाज ऐकून कोणाचा माईक किती उघडा ठेवायचा ते ठरवतो, तसे हे काम आहे. प्रत्येक गाण्याला खटक्यांची मांडणी वेगळी. एकाच वेळी अनेक चॅनेल १ च्या जवळ राहू शकतात. एकाला वर नेले म्हणून दुसऱ्याला खाली उतरवलेच पाहिजे असे इथे नाही.

नीट पाहिले तर एक्सायटेशनमधले ते दोन छोटे थर फुली कनेक्टेडच आहेत. दारातून हाकललेला पाहुणा मागच्या दाराने आला खरा, पण आता तो परवडतो. जागेची माहिती सरासरीने आधीच पुसून टाकल्यामुळे त्याला फक्त २५६ आकड्यांशी व्यवहार करायचा असतो, आणि मध्ये १६ ची चिंचोळी वाट ठेवल्यामुळे त्याची वजने ८,१९२ एवढीच राहतात.

या नेटवर्कने २०१७ ची इमेजनेट स्पर्धा जिंकली. पहिल्या पाच अंदाजांतही खरे उत्तर नसण्याचे प्रमाण आदल्या वर्षीच्या विजेत्याचे २.९९१ टक्के होते, ते २.२५१ वर आले. हा आकडा सगळीकडे मिरवला जातो, पण तो अनेक नेटवर्कच्या एकत्रित निकालाचा आहे. मला अधिक बोलका वाटतो तो साधा सामना. रेसनेट-५० चे हेच प्रमाण ७.४८ टक्के होते, मध्ये हे भाग बसवल्यावर ६.६२ झाले. जवळपास दुप्पट आकडेमोड करणाऱ्या रेसनेट-१०१ चे ६.५२ होते. म्हणजे दुप्पट खोलीचे नेटवर्क जिथे पोचते, त्याच्या अगदी जवळ हे पोचले. आणि आकडेमोड वाढली पाव टक्क्याच्या आसपास, वजने सुमारे १० टक्के. ती वाढही बरीचशी शेवटच्या टप्प्यातली होती, जिथे २,०४८ चॅनेल असतात. लेखकांनी तपासले तेव्हा तिथले बरेचसे खटके जवळपास १ वरच अडकलेले दिसले, म्हणजे काही काम करतच नव्हते. त्या टप्प्यातले भाग काढून टाकले तर वजनांची वाढ ४ टक्क्यांवर येते आणि अचूकतेला जेमतेम धक्का लागतो.

आता सरासरीची किंमत. ४९ घरांपैकी एकाच घरात ९.८ आहे आणि बाकी सगळीकडे शून्य, तर सरासरी ०.२. सगळ्या घरांत मंदपणे ०.२ असेल, तरीही ०.२. कोपऱ्यातला लहानसा पण ठळक पक्षी आणि चित्रभर पसरलेली धूसर खूण, सरासरीच्या लेखी एकच. म्हणून २०१८ मध्ये कोरियातून आलेल्या सीबॅम या रचनेत सरासरीबरोबर सर्वांत मोठा आकडाही घेतला जातो आणि चित्रातल्या कोणत्या जागेला महत्त्व द्यायचे याचा वेगळा हिशेब ठेवला जातो.

दुसरी किंमत वेळेची, आणि ती आकडेमोडीच्या हिशेबात दिसत नाही. पूर्ण तक्ता तयार होईपर्यंत सरासरी काढता येत नाही आणि ती निघेपर्यंत गुणाकार सुरू होत नाही. मूळ निबंधातच नोंद आहे: आठ ग्राफिक कार्डांच्या यंत्रावर २५६ चित्रांची शिकण्याची एक फेरी १९० मिलिसेकंदांऐवजी २०९ घेऊ लागली. आकडेमोड पाव टक्का जास्त, वेळ १० टक्के जास्त.

सगळ्यात फसवा दोष मोठ्या चित्रांत निघतो. जुनी छायाचित्रे किंवा उपग्रहाची चित्रे स्पष्ट करणाऱ्या नेटवर्कमध्ये हे भाग असतील आणि चित्र स्मृतीत मावत नाही म्हणून त्याचे तुकडे करून दिले, तर प्रत्येक तुकड्याची सरासरी वेगळी येते. निव्वळ समुद्राच्या तुकड्यात खटके एका जागी, शेजारच्या बंदराच्या तुकड्यात दुसऱ्या. तुकडे परत जोडल्यावर पाण्यावर सरळ रेषेत रंगाची शिवण उमटते. कारण ओळखायचे तर तुकड्यांच्या रेषा थोड्या सरकवून चित्र पुन्हा चालवावे. शिवणही त्यांच्यासोबत सरकली, तर घोटाळा मूळ चित्रात नसून तुकडे करण्यात आहे. तुकडे एकमेकांवर थोडे चढवून घेतल्याने ती पुसट होते, जात नाही. खरा इलाज म्हणजे सगळ्या तुकड्यांची मिळून एकच सरासरी काढणे. त्यासाठी पहिल्या स्क्वीझपाशी सगळे तुकडे येईपर्यंत थांबायचे, सरासरी काढायची, मग सगळ्यांना पुढच्या स्क्वीझपर्यंत न्यायचे आणि पुन्हा थांबायचे. रेसनेट-५० एवढ्या खोलीच्या नेटवर्कमध्ये असे १६ थांबे येतात.