खालच्यांच्या छताला ओल, मालकांचा मेसेज आणि भाडेकरूचं उत्तर

“खालच्या काकूंचा फोन आला होता. तुमच्या बाथरूममधून त्यांच्याकडे पाणी गळतंय. तुम्ही रात्री-अपरात्री वॉशिंग मशीन लावता, नळ उघडे राहतात असं त्या म्हणाल्या. जरा बघा, सोसायटीतून मला सारखं बोलावणं येतंय.”

ठाणे, डोंबिवली, पुणे इथल्या पंचवीस-तीस वर्षं जुन्या इमारतीत भाड्याने राहिलेल्या कुणालाही हा मेसेज ओळखीचा वाटेल. खालच्या काकूंनी सेक्रेटरींना सांगितलेलं असतं, सेक्रेटरींनी घरमालकांना आणि मालकांनी भाडेकरूला. गृहनिर्माण संस्थेचा व्यवहार तिच्या सभासदाशी, म्हणजे मालकाशी असतो, त्यामुळे तक्रार अशा वळणानेच येते. मालक अनेकदा दुसऱ्या गावी राहतात आणि त्यांनी गळती पाहिलेलीही नसते. भाडेकरूपर्यंत पोचेतो काकूंनी डोळ्यांनी पाहिलेलं आणि त्यांना वाटलेलं एकमेकांत मिसळून गेलेलं असतं.

उदाहरणासाठी अशाच इमारतीतला 302 नंबरचा फ्लॅट घेऊ. तिथे नोकरी करणारं एक जोडपं भाड्याने राहतं, मालक नाशिकला असतात आणि तक्रार 202मधून आलेली आहे. मेसेज वाचल्यावर पहिलं उत्तर जिभेवर तयार असतं: “आमचे नळ व्यवस्थित बंद असतात. चार दिवस आम्ही गावी होतो, तेव्हाही गळतच होतं ना? वरच्या 402चं बघा. नाहीतर आधीच्या भाडेकरूंनी काहीतरी करून ठेवलं असेल.” चिडून लिहिलेलं हे उत्तर समजण्यासारखं आहे, कारण डिपॉझिट अडकलेलं असतं आणि घर बदलणं सोपं नसतं. तरी ते पाठवू नये. मालक तोच मेसेज जसाच्या तसा सेक्रेटरींना पुढे पाठवतात, तिथून तो काकूंकडे आणि 402कडेही जातो. गळतीची तक्रार दोन घरांतली होती, ती चार घरांतली होते.

शिवाय त्या उत्तरातला सगळ्यात भक्कम वाटणारा मुद्दा, चार दिवस घर बंद असण्याचा, दिसतो तितका भक्कम नाही. जुन्या इमारतींत बाथरूमची स्लॅब बाकीच्या घरापेक्षा साधारण फूटभर खाली घेतलेली असते. त्या खोलगट भागात सांडपाण्याचे पाइप टाकतात, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा कोबा भरतात आणि त्यावर लादी बसवतात. लादीच्या फटींमधलं सिमेंट झिजलं किंवा नहाणी ट्रॅपच्या भोवतीचा सांधा सुटला, की पाणी या भरावात मुरतं. वर नळ बंद झाले तरी मुरलेलं पाणी खालच्या छतातून कित्येक दिवस ठिबकत राहतं. म्हणून ‘आम्ही नव्हतो तेव्हाही गळत होतं’ याने भाडेकरूचं बाथरूम सुटत नाही. मात्र त्या चार दिवसांत थेंब हळूहळू कमी झाले की तसेच पडत राहिले, ही माहिती प्लंबरला फार उपयोगाची असते. कमी झाले तर संशय लादीवर, ट्रॅपवर किंवा सांडपाण्याच्या पाइपवर जातो. फ्लॅटचा मुख्य कॉक बंद असूनही थेंब तसेच पडत राहिले, तर इमारतीच्या सामाईक पाइपकडे किंवा डक्टकडेही बघावं लागतं. कॉक उघडाच राहिला असेल, तर भिंतीतून जाणारी, कायम दाबाखाली असणारी नळाची लाइनही तपासावी लागते.

तेव्हा उत्तर लिहिण्याआधी मालकांना एक फोन करावा आणि त्यांना सांगून खाली जाऊन यावं. वडीलधाऱ्या मालकांना नुसता मेसेज कोरडा वाटतो, फोनवर आवाज कळतो. खाली गेल्यावर वाद न घालता छत बघावं: ओल किती जागेत आहे, वरच्या नहाणीच्या खाली आहे की डक्टच्या भिंतीकडे, रंगाचे पोपडे सुटलेत का, डागाच्या कडा पिवळट आणि कोरड्या आहेत की हाताला ओलं लागतं. कोरडी पिवळी कड म्हणजे ओल जुनी असून आत-बाहेर होत राहिली आहे. काकूंची परवानगी घेऊन दोन फोटो काढावेत. एवढं पाहिलं तरी अंदाज बांधू नये. पाणी स्लॅबच्या उताराने किंवा विजेच्या वायरींच्या पाइपमधून सरकतं आणि मुरलेल्या जागेपासून बरंच लांब खाली उतरतं. डाग जिथे दिसतो तिथेच वर बिघाड असतो असं नाही.

302मधल्या भाडेकरूने हे सगळं करून मालकांना लिहिलेलं उत्तर साधारण असं असेल:

“नमस्कार काका. फोनवर बोललो त्याप्रमाणे आज संध्याकाळी 202मध्ये जाऊन आलो. काकूंच्या बाथरूमच्या छतावर साधारण दोन फूट लांबीची ओल आहे आणि दोन ठिकाणी थेंब पडत आहेत. फोटो सोबत पाठवतो आहे. त्यांची गैरसोय होते आहे हे खरं आहे.

आमच्याकडची माहिती अशी. मशीन आठवड्यातून तीनदा लागतं, बहुतेक रात्री साडेदहाच्या सुमारास, कारण आम्हा दोघांना कामावरून यायला नऊ वाजतात. मशीनचं पाणी बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये जातं. मे महिन्यापासून ते एकदम उतरत नाही, पाच-दहा मिनिटं लादीवर साचतं. नळ सगळे बंद होतात, एकही ठिबकत नाही, आज पुन्हा तपासले. 12 ते 16 जून आम्ही गावी होतो आणि मुख्य कॉक बंद केला होता. त्या दिवसांत थेंब कमी झाले होते का, हे काकूंना आठवत असेल तर प्लंबरला सांगता येईल.

गळती नेमकी कुठून आहे हे आम्हाला कळत नाही. तुम्ही प्लंबर पाठवलात तर शनिवारी आणि रविवारी आम्ही दिवसभर घरी आहोत. तोपर्यंत ते बाथरूम वापरणं बंद ठेवतो आणि मशीनचं पाणी दुसऱ्या बाथरूममध्ये सोडतो. रात्री मशीनच्या आवाजाचाही त्रास होत असेल तर सांगा, शनिवार-रविवारी सकाळी लावता येईल.”

या उत्तराचा जीव ‘पाच-दहा मिनिटं लादीवर साचतं’ या वाक्यात आहे. बहुतेक लोक हीच गोष्ट गाळतात, कारण ती आपल्यावर शेकेल असं वाटतं. पण तुंबणारा ट्रॅप हा प्लंबरच्या कामाचा सगळ्यात मोठा धागा आहे. मशीन दोन-तीन मिनिटांत बादलीभर पाणी सोडतं, ट्रॅप अर्धवट चोंदलेला असला की ते वर येतं आणि साचलेलं पाणी लादीच्या फटींतून खाली मुरतं. त्यात भाडेकरूने काही चुकीचं केलेलं नाही, सांधा वयाने सुटलेला आहे. ही गोष्ट लपवली आणि प्लंबरने पहिल्याच दिवशी शोधून काढली, तर बाकीच्या खऱ्या वाक्यांवरही मालकांचा विश्वास राहत नाही.

दुसरं, या मजकुरात 402 नाही, आधीचे भाडेकरू नाहीत आणि काकूंनी ‘नळ उघडे राहतात’ म्हटल्याचा निषेधही नाही. नळ तपासले आणि ते ठिबकत नाहीत, एवढंच लिहिलं आहे. त्या वाक्याने आरोपाचं उत्तर होतं आणि काकूंना खोटं पाडल्यासारखं होत नाही. त्यांना छतातून पाणी पडताना दिसतं, रात्री मशीनचा आवाज ऐकू येतो, त्यांनी दोन्हींची सांगड घातली. वरच्या मजल्यावर कुणी चढून बघितलेलं नसताना कुणीही तीच घातली असती. 402बद्दल शंका असेलच, तर मालकांना फोनवर इतकंच म्हणावं की प्लंबर येईल तेव्हा डक्टमधले पाइपही बघून घेऊ दे.

तपासणी मालकांच्या संमतीनेच व्हावी, कारण लादी फोडायची की नाही हा निर्णय भाडेकरूचा नाही. सहसा आधी बाथरूम तीन-चार दिवस कोरडं ठेवतात आणि खालचे थेंब मंदावतात का ते पाहतात. मग ट्रॅपमध्ये रंग घातलेलं पाणी ओततात. खाली रंगीत थेंब दिसला तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाइप गळतो आहे. नाही दिसला तर ट्रॅपचं तोंड कापडाने बंद करून लादीवर बोटभर पाणी चोवीस तास साठवतात, म्हणजे लादीतून मुरतं का ते कळतं. ही दुसरी चाचणी काकूंना आधी सांगितल्याशिवाय करू नये, त्यांच्याकडे एकदम जास्त पाणी उतरू शकतं. आणि एक मर्यादा लक्षात ठेवावी: रंग भरावात अडकून राहतो, उशिरा उतरतो, कधी उतरतच नाही. रंग दिसला तर पुरावा आहे, न दिसण्याने काहीच सिद्ध होत नाही.

खर्चाचा विषय पहिल्या उत्तरात काढू नये, पण नियम माहीत असावा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास, बाथरूम, सिंक यांतून फ्लॅटच्या आत होणाऱ्या गळतीची दुरुस्ती फ्लॅटधारकाने करायची असते. गच्चीतून येणारं पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. म्हणजे गळती ट्रॅपची निघाली तर सोसायटी मालकांना धरेल, डक्टमधली निघाली तर खर्च संस्थेचा. भाडेकरू आणि मालक यांच्यात कुणी काय भरायचं हे मात्र लीव्ह अँड लायसन्स करारात बघावं लागतं. रोजच्या किरकोळ दुरुस्त्या भाडेकरूकडे आणि मोठ्या मालकांकडे अशी वाटणी बऱ्याच करारांत असते. 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. त्यामुळे भाडेकरूकडे त्याची प्रत असायला हवी. नसेल तर ती मालकांकडून आधी मागून घ्यावी.

काम झाल्यावर प्लंबरने काय काढलं, काय बसवलं हे एका ओळीत मालकांना लिहून पाठवावं, दुरुस्तीचे फोटो जोडावेत. आधीचा मेसेज आणि छताचे फोटोही फोनमधून पुसू नयेत. घर सोडताना ‘बाथरूम तुम्ही खराब केलंत’ म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापायची वेळ आली, तर तारखेसकट पाठवलेला हाच मेसेज भाडेकरूच्या हातात असतो.