ऊस की जंगल?

कोल्हापूरच्या नैऋत्येला, राधानगरी धरणाच्या वरच्या अंगाला अभयारण्याचं दाट रान आहे आणि खाली भोगावतीच्या काठाने उसाचे फड. ऑक्टोबरमध्ये आकाशातून पाहिलं तर दोन्ही हिरवंगार. मग उपग्रहाच्या चित्रावरून शेत कुठलं आणि जंगल कुठलं, हे संगणकाने ओळखायचं कसं?

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं सर्वांना मोफत मिळतात. त्यातल्या मुख्य रंगांसाठी एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन असतो. डोळ्यांना न दिसणारा निकट अवरक्त प्रकाशही हा उपग्रह मोजतो आणि पहिली वाटणी त्यानेच होते. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि अवरक्त भरपूर परतवतं. पाणी अवरक्त जवळजवळ सगळं गिळतं, म्हणून धरणाचा जलाशय काळा उमटतो. (डोंगराची सावलीही काळीच दिसते. पण उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास येतो, त्यामुळे हिवाळ्यात सावली डोंगराच्या वायव्य अंगाला पडते. तिथे ‘तळं’ निघालं तर संशय घ्यावा.)

ऊस आणि जंगल मात्र रंगाने सुटत नाहीत. इथे पोत उपयोगी पडतो. समजा, उसातल्या सलग चार ठिपक्यांची अवरक्त परतफेड ३८, ३९, ३८, ३७ टक्के आहे आणि जंगलातल्या चारांची ३०, ४५, ३२, ४५. सरासरी दोन्हीकडे ३८च. पण शेजाऱ्याशेजाऱ्यातला फरक उसात एकेकाचा, तर जंगलात १५, १३, १३. उंचसखल झाडं, मधल्या फटी आणि सावल्या यांमुळे रान खडबडीत दिसतं. एका वेळी लावलेला ऊस सपाट. प्रत्येक ठिपक्याभोवती, समजा, ७ बाय ७ ठिपक्यांची खिडकी धरून हा फरक मोजतात. याच युक्तीने नांगरलेलं रान आणि कोल्हापूर शहरही वेगळं होतं. हिरवाई दोन्हीकडे नाही, पण छपरं, रस्ते, सावल्या यांनी शहर खडबडीत असतं.

अडचण बांधावर येते. खिडकीत अर्धा उभा ऊस आणि अर्धं तोडलेलं रान आलं, की फरक एकदम वाढतो आणि संगणक तिथे जंगल दाखवतो. नकाशात शेतांच्या कडेने सरळ, अरुंद ‘जंगलाच्या’ पट्ट्या दिसल्या तर चूक हीच. खिडकी लहान करून ती थोडी कमी होते. चित्राचे आधी शेतासारखे सलग तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा पोत मोजणं मला अधिक भरवशाचं वाटतं.

त्याहून पक्की साक्ष गळीत हंगामाची. ऑक्टोबरचं चित्र मार्चच्या चित्राशी ताडून पाहावं. तोड झालेल्या फडाची हिरवाई कोसळलेली असते, सदाहरित रानाची टिकून असते. झाडीत दडलेली चार घरांची वाडी मात्र या सगळ्यातून निसटते, कारण तिच्या ठिपक्यात छपरापेक्षा फांद्याच जास्त असतात.